दुकानाचा विमा: फॉर्ममध्ये काय सांगायचे आणि भरपाई कशी मोजली जाते

दुकानाचा विमा पहिल्यांदा काढणाऱ्याचे लक्ष बहुतेक वेळा प्रीमियमच्या आकड्यावर असते. क्लेमचा निकाल मात्र दोनच प्रश्नांवर लागतो: विमा घेताना तुम्ही काय सांगितले होते, आणि नुकसान झाले त्या दिवशी तुमचे खरोखर किती गेले. पहिला प्रश्न परम विश्वासाच्या तत्त्वाचा, दुसरा नुकसानभरपाईच्या तत्त्वाचा. ही दोन्ही तत्त्वे नीट उलगडावीत म्हणून आपण एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. दुकान काल्पनिक आहे, परिस्थिती मात्र कोणत्याही बाजारपेठेत सापडेल अशी.

सांगलीच्या बाजारपेठेत, कृष्णेपासून फार लांब नाही अशा गल्लीत, रंग आणि हार्डवेअरचे दुकान आहे. तळमजल्यावर काउंटर, खाली तळघरात गोदाम. रंगाचे डबे, पुट्टीच्या गोण्या, थिनर, टर्पेंटाइन, वर रंग मिसळण्याचे एक यंत्र. मालावर बँकेचे कॅश क्रेडिट घेतलेले. इमारत, यंत्रे आणि माल मिळून एका ठिकाणी 5 कोटींपर्यंत मूल्य असलेल्या अशा व्यवसायांसाठी 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे. तिच्यात आगीबरोबर पूर आणि वादळही येते.

पायरी 1: फॉर्म स्वतः भरा

बाजारातल्या साध्या खरेदीत विकणारा मुकाट्याने उभा राहिला तरी चालते, माल पारखून घेणे घेणाऱ्याचे काम. विम्यात हे उलटे आहे, कारण जोखमीची सगळी माहिती दुकानदाराकडे असते आणि कंपनी त्याच्या शब्दावर किंमत ठरवते. म्हणून विचारलेल्याचे खरे उत्तर देणे पुरेसे नाही, महत्त्वाची गोष्ट आपणहून सांगावी लागते. लंडनच्या न्यायालयात लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी 1766 मध्ये सुमात्रा बेटावरच्या एका किल्ल्याच्या विम्याच्या खटल्यात हा नियम मांडला. गंमत अशी की त्या खटल्यात विमा देणारा हरला. किल्ला कोणत्या प्रकारचा आहे, हल्ल्याचा धोका किती, हे त्याला ठाऊक होते किंवा विचारता आले असते, म्हणून ते सांगितले नाही ही तक्रार चालणार नाही, असे न्यायालय म्हणाले. म्हणजे हे कर्तव्य जन्मापासूनच दोन्ही बाजूंवर आहे.

महत्त्वाचे काय, याची कसोटी आपल्या 1963 च्या सागरी विमा कायद्यात कलम 20 मध्ये लिहिली आहे आणि इतर विम्यांतही न्यायालये तीच वापरतात. प्रीमियम किती घ्यायचा किंवा जोखीम घ्यायची की नाही हे ठरवताना एखाद्या समंजस विमा कंपनीवर ज्या गोष्टीचा परिणाम होईल, ती महत्त्वाची. ‘मला ते किरकोळ वाटले’ हे उत्तर यात बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये मेडिक्लेमच्या एका प्रकरणात हेच सांगितले: फॉर्ममध्ये जे विचारले आहे ते महत्त्वाचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार विमा घेणाऱ्याकडे नाही.

आपल्या दुकानाला ही कसोटी लावून पाहू. थिनर आणि टर्पेंटाइन ज्वालाग्राही आहेत. त्यामुळे ‘हार्डवेअरचे दुकान’ एवढेच लिहिणे अर्धसत्य ठरेल. ‘रंग, थिनर, टर्पेंटाइन, हार्डवेअर’ असे लिहा आणि थिनरचा साठा साधारण किती लिटर असतो तेही लिहा. माल तळघरात ठेवता हे सांगा, कारण पुराचे पाणी आधी तिथे शिरते. शेजारी वेल्डिंगचे वर्कशॉप किंवा भट्टी असेल तर ती लिहा. मागचे क्लेम, एखाद्या कंपनीने विमा नाकारला असेल किंवा जादा अटी घातल्या असतील तर तेही लिहा.

आता पुराचे. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये सांगलीत पूर आला हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, कंपनीलाही माहीत असल्याचे मानले जाईल. जे सर्वांना ठाऊक आहे, ज्याने जोखीम कमी होते, किंवा ज्याची चौकशी कंपनीने स्वतःच सोडून दिली, ते सांगण्याची सक्ती नाही. पण 2019 मध्ये तुमच्या दुकानात पाणी शिरले, काउंटरला किती फूट लागले, त्याचा क्लेम किती मिळाला, ही माहिती वर्तमानपत्रात नाही. ती फक्त तुमच्याकडे आहे. शहराचा पूर सांगू नका, तुमच्या भिंतीवरची पाण्याची खूण सांगा.

इथे सर्वांत जास्त चुका एकाच कारणाने होतात: फॉर्म एजंट किंवा बँकेतला कर्मचारी भरतो आणि दुकानदार खाली सही करतो. नंतर ‘एजंटला सगळे सांगितले होते’ असे म्हटले तरी ते सिद्ध करणे जड जाते. फॉर्ममधली माहिती तुमची मानली जाते, कारण सही तुमची असते. त्यामुळे कोरी जागा ठेवून सही करू नका. ‘लागू नाही’ असेल तिथे तसे लिहा. फॉर्म इंग्रजीत असेल आणि दुसऱ्याने भरला असेल, तर मजकूर तुम्हाला समजावून सांगितल्याचे त्याचे निवेदन खाली असते. ते खरोखर समजावून घेतल्यावरच भरू द्या. फॉर्मच्या जागेत मावत नाही अशी माहिती वेगळ्या कागदावर, तारीख घालून, ईमेलने कंपनीला पाठवा. तोंडी सांगितलेल्याला क्लेमच्या वेळी वजन राहत नाही.

पॉलिसी हातात आल्यावर सोबत आलेल्या फॉर्मच्या प्रतीशी ताडून पाहा. पत्ता पाहाच. दुसऱ्या गल्लीतल्या गोदामात माल ठेवता आणि पॉलिसीत फक्त दुकानाचा पत्ता आहे, तर त्या गोदामातल्या मालाला विमा नाही. बँकेने काढलेल्या पॉलिसीत हा घोळ वारंवार सापडतो: बँक कर्जखात्यावरच्या पत्त्याने आणि कर्जाच्या रकमेएवढाच विमा काढते, आणि प्रीमियम खात्यातून कापला गेला की दुकानदार निश्चिंत होतो. शिवाय विमा कायद्याच्या कलम 64व्हीबी प्रमाणे प्रीमियम कंपनीला मिळाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. म्हणून चेक वटला की नाही हेही पाहा.

खरे सांगितल्याने प्रीमियम वाढेल किंवा एखादी अट येईल, हे खरे आहे. उदाहरणार्थ, तळघरातला माल जमिनीपासून ठरावीक उंचीच्या रॅकवर ठेवण्याची अट. अशी अट मान्य केली तर ती पाळावी लागते. पण सांगण्याचा एक मोठा फायदा आहे, त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. एकदा माहिती दिली आणि ती पाहून कंपनीने पॉलिसी दिली, की त्याच गोष्टीकडे बोट दाखवून क्लेम नाकारणे तिला अवघड जाते. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये परदेश प्रवासाच्या मेडिक्लेमच्या प्रकरणात कंपनीला हेच सुनावले: मधुमेह सांगितलेला होता, तो तोलूनच पॉलिसी दिली होती, आता मागे फिरता येणार नाही.

आयुर्विमा आणि आरोग्यविमा घेणाऱ्यांसाठी एक फरक. आयुर्विम्यात कलम 45 प्रमाणे 3 वर्षे उलटली की कोणत्याही कारणाने पॉलिसीवर प्रश्न उठवता येत नाही. आरोग्यविम्यात 2024 च्या नियमांनुसार सलग 60 महिने झाल्यावर माहिती लपवल्याच्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक तेवढी वगळून. दुकानाच्या विम्याला असे कोणतेही वर्षांचे कवच नाही. तो दरवर्षी नव्याने होणारा करार आहे, म्हणून दर नूतनीकरणाला सांगण्याचे कर्तव्यही नव्याने येते.

पायरी 2: विमा रक्कम मालाच्या खऱ्या किमतीला धरा

नुकसानभरपाईचे तत्त्व एका वाक्यात मावते: घटनेच्या आदल्या क्षणी तुम्ही पैशाने जिथे होतात तिथे तुम्हाला परत आणायचे, त्याच्या पुढे नाही. आयुर्विमा आणि ठरावीक रक्कम देणाऱ्या काही आरोग्य पॉलिसी यात येत नाहीत. दुकानाचा विमा पूर्णपणे येतो.

त्यातून पहिली गोष्ट निघते ती मालाच्या किमतीची. व्यापाऱ्याचा माल त्याला पडलेल्या किमतीला मोजतात, विक्रीच्या किमतीला नाही. 18 लाखांना पडलेला माल तुम्ही 22 लाख 50 हजारांना विकला असता, तरी वरचे साडेचार लाख हा न मिळालेला नफा आहे. धंदा बंद राहिल्याने बुडणाऱ्या नफ्यासाठी वेगळा विमा असतो.

जीएसटीचा मुद्दा इथेच निकाली काढा. नष्ट झालेल्या मालावर घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिट कायद्याने परत करावे लागते, म्हणजे तो करही तुमचे नुकसान होतो. विमा रक्कम करासह धरली आहे की कराशिवाय, हे पॉलिसी घेतानाच लेखी ठरवून घ्या. नाहीतर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजायला कंपनीने नेमलेला माणूस, कर बाजूला काढतो आणि वाद सुरू होतो.

यंत्राचे गणित वेगळे. रंग मिसळण्याचे यंत्र नवे घेतले तर आज 5 लाखांना येते, तुमच्या यंत्राचे निम्मे आयुष्य संपलेले आहे असे समजू. पॉलिसी बाजारमूल्याची असेल तर घसारा वजा होऊन अडीच लाखांच्या आसपास मिळतील. पुनर्स्थापना मूल्याची असेल तर नवे यंत्र खरोखर बसवल्यावर 5 लाखांपर्यंत मिळू शकतात. त्यासाठी विमा रक्कमही 5 लाखांचीच हवी, खातेवहीतली घसारा जाऊन उरलेली नको. सीएच्या ताळेबंदातला आकडा जसाच्या तसा उतरवणे ही इथली नेहमीची चूक.

मालाची विमा रक्कम वर्षाच्या सरासरीवर धरू नका. ज्या महिन्यात दुकान सर्वाधिक भरलेले असते, त्या महिन्याचा आकडा धरा. मध्येच साठा वाढला तर एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत लेखी बदल, करून रक्कम वाढवता येते, जादा प्रीमियम फक्त उरलेल्या काळाचा लागतो.

पायरी 3: वर्षभरात बदल झाला की कळवा

दुकानाचा अर्धा भाग भाड्याने दिला, थिनरचा साठा दुप्पट केला, मागे फर्निचर पॉलिशचे काम सुरू केले, माल नव्या गोदामात हलवला: यातले काहीही झाले की त्याच आठवड्यात ईमेल करा आणि एंडॉर्समेंट मागा. प्रमाणित अग्निविमा पॉलिसीत जागा सलग 30 दिवसांपेक्षा जास्त रिकामी राहिली तर संरक्षण थांबू शकते. दुरुस्तीसाठी दुकान बंद ठेवणाऱ्यांना हे बहुधा माहीत नसते.

खरेदीची बिले आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप दुकानाबाहेर ठेवा. तळघरात माल आणि त्याच तळघरातल्या कपाटात बिले असतील, तर एकाच पाण्यात दोन्ही जातात.

पायरी 4: पाणी ओसरल्यावर

कंपनीला लगेच कळवा आणि क्लेम क्रमांक घ्या. फोटो आणि व्हिडिओ सफाईच्या आधी काढा, भिंतीवरची पाण्याची रेषा टेपसकट दिसली पाहिजे. सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय भिजलेला माल फेकू नका. आरोग्याच्या किंवा पालिकेच्या कारणाने हलवावाच लागला तर आधी ईमेलने परवानगी मागा आणि मोजदाद करूनच हलवा. कोरडा माल वर उचलणे, डबे पुसणे असे नुकसान वाढू न देण्याचे प्रयत्नही तुमच्याकडून अपेक्षित असतात. ‘विमा आहे, राहू दे’ म्हणून चांगला माल पाण्यात ठेवला तर तेवढे कापले जाते.

आणि आकडा फुगवू नका. ‘कंपनी कापतेच, म्हणून वीस टक्के चढवून सांगा’ हा बाजारातला सल्ला घातक आहे. परम विश्वास क्लेमच्या वेळीही लागू असतो आणि क्लेमचा एक भाग जरी खोटा निघाला तरी सगळा क्लेम जप्त होण्याची अट पॉलिसीत असते. दोन लाखांची खोटी बिले जोडून सोळा लाख खरे गमावणे हा वाईट सौदा आहे.

पायरी 5: सर्व्हेअर गणित कसे मांडतो

आपल्या दुकानात 20 जुलैला तळघर बुडाले असे धरू. विमा रक्कम मालासाठी 30 लाख, काही वर्षांपूर्वी बँकेच्या मर्यादेवरून ठरवलेली.

सर्व्हेअर आधी घटनेच्या दिवशी एकूण माल किती होता ते काढतो. 1 एप्रिलचा माल 38 लाख. त्यानंतरची खरेदी 34 लाख. विक्री 27 लाख 50 हजार, त्यावर ढोबळ नफा 20 टक्के, म्हणजे विकलेल्या मालाची पडलेली किंमत 22 लाख. 38 आणि 34 मिळून 72, त्यातून 22 गेले, उरले 50 लाख. हे आकडे तो जीएसटी विवरणपत्रांशी आणि बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटशी ताडून पाहतो. कर्जमर्यादा टिकवायला बँकेला फुगवलेला साठा दाखवला असेल, तर तो आकडा इथे उलटतो: एकूण माल जास्त दिसतो आणि विमा आणखी अपुरा ठरतो.

मग प्रत्यक्ष मोजणी. पुट्टी दगड झाली, डब्यांची लेबले गेली, झाकणांतून पाणी शिरले: एकूण नुकसान 18 लाख. त्यातले पत्र्याचे डबे आणि काही सीलबंद रंग भंगारवाला किंवा किरकोळ व्यापारी 1 लाख 50 हजारांना घेईल. ही सॅल्व्हेजची रक्कम वजा होते, कारण तो माल तुमच्याकडेच राहतो. उरले 16 लाख 50 हजार.

आता अपुऱ्या विम्याचा काट बसतो. माल 50 लाखांचा, विमा 30 लाखांचा, म्हणजे उरलेल्या 20 लाखांची जोखीम तुम्ही स्वतःच घेतली असे मानतात. प्रत्येक नुकसानीत तोच हिस्सा तुमचा:

```
16,50,000 × 30,00,000 ÷ 50,00,000 = 9,90,000
```

यातून पॉलिसीतला एक्सेस, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुम्हीच सोसायची ठरावीक रक्कम, जाऊन उरेल ते मिळते. नुकसान विमा रकमेपेक्षा कितीतरी कमी असूनही 6 लाख 60 हजार खिशातून गेले, हे दुकानदाराला पटत नाही. ‘माझा विमा तीस लाखांचा, नुकसान साडेसोळा, मग कापता का?’ या तक्रारीचे मूळ या एका ओळीत आहे. या पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते. विमा रक्कम 43 लाख असती तर तूट 14 टक्के राहिली असती आणि काट लागला नसता. आपल्या दुकानाची तूट 40 टक्के आहे.

उलट बाजूही पाहा. विमा रक्कम 70 लाखांची असती तरी मिळाले असते तेच 16 लाख 50 हजार, एक्सेस वजा करून. जास्तीच्या वीस लाखांवर भरलेला प्रीमियम वाया. दोन कंपन्यांच्या पॉलिसी असत्या तर दोघींनी मिळून तेवढेच दिले असते, आपापल्या हिश्श्याने. दुसरी पॉलिसी आहे हे क्लेम फॉर्ममध्ये लिहावेच लागते.

मालावर बँकेचा बोजा असल्याने पैसे बहुधा आधी बँकेकडे जातात. पॉलिसीत बँकेचे नाव त्यासाठीच घातलेले असते. हे आधी माहीत असले म्हणजे त्या पैशावर नव्या मालाचे बेत आखले जात नाहीत.

नुकसान तिसऱ्याच्या चुकीने झाले असेल, समजा शेजाऱ्याच्या वेल्डिंगने आग लागली, तर भरपाई देऊन कंपनी त्याच्याकडून वसूल करण्याचा तुमचा हक्क स्वतःकडे घेते. म्हणून कंपनीला न विचारता शेजाऱ्याशी तडजोड करून ‘माझी तक्रार नाही’ असे लिहून देऊ नका. तुम्ही सोडलेला हक्क कंपनीला मिळत नाही आणि तेवढ्यावर क्लेम अडतो.

क्लेम नाकारला किंवा कापला तर

आधी कारण लेखी मागा आणि सर्व्हे अहवालाची प्रत घ्या. माहिती लपवल्याचा आरोप असेल तर तीन गोष्टी तपासा: फॉर्ममध्ये तो प्रश्न नेमका विचारला होता का, ती माहिती तुमच्या ईमेलमध्ये किंवा जुन्या पॉलिसीच्या कागदांत कंपनीकडे आधीच होती का, आणि ती कळली असती तर कंपनीने प्रीमियम किंवा अटी खरोखर बदलल्या असत्या का. रक्कम कमी असल्याचा वाद असेल तर सर्व्हेअरच्या ढोबळ नफ्याच्या टक्केवारीकडे आधी पाहा. आपल्या उदाहरणात 20 टक्क्यांऐवजी 12 टक्के धरले तर विकलेला माल 24 लाख 20 हजारांचा ठरतो आणि शिल्लक माल 47 लाख 80 हजारांवर येतो. मागच्या तीन वर्षांच्या हिशेबांवरून तुमची टक्केवारी कमी निघत असेल तर ती दाखवा.

पूर्ण आणि अंतिम रक्कम मिळाल्याच्या व्हाउचरवर सही करण्याआधी थांबा. रक्कम मान्य नसेल तर तसे लिहून, तक्रारीचा हक्क राखून घ्या. नंतर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. एकल मालकीचे दुकान आणि सूक्ष्म उद्योग यांनाही ही सोय आहे, शुल्क नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे वाद चालतात. राज्यात मुंबई, पुणे आणि ठाणे इथे कार्यालये आहेत. कंपनीने नाकारल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज पोहोचला पाहिजे आणि त्याच विषयावर ग्राहक आयोगात किंवा न्यायालयात खटला चालू असता कामा नये.